‘ला’ कोणाला लावावयाचा?

इंग्रजीच्या वाटेने फ्रेंच भाषेकडे जाणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांना काही क्रियापदांपाशी हमखास ठेच लागते. त्यांपैकी दोन क्रियापदे मी आजच्या भाषणासाठी निवडली आहेत. एक ‘मांके’ आणि दुसरे ‘प्लेर’. पहिल्याचा उपयोग एखाद्या व्यक्तीची उणीव भासणे या अर्थी होतो. दुसऱ्याचा आवडणे, पसंत पडणे या अर्थी होतो. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तके या दोहोंबद्दल एक इशारा देतात. तो असा की, येथे सारे उलटे असते. इंग्रजीतला कर्ता फ्रेंचमध्ये कर्म होतो आणि कर्म कर्त्याच्या जागी येते. विद्यार्थी हा इशारा पाठ करतो, प्रत्येक वाक्य मनात उलटे करू पाहतो, आणि नेमक्या वेळी ते उलटे करावयास विसरतो किंवा दोनदा उलटे करून पुन्हा मूळपदावर येतो.

वास्तविक मराठी माणसाला येथे काहीच उलटे करावयाचे नसते. ‘मला हे गाणे आवडते’ असे आपण म्हणतो. या वाक्यातील क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते? माझ्या नव्हे, गाण्याच्या. गाणे एक असेल तर ‘आवडते’, अनेक असतील तर ‘आवडतात’. आंबा आवडतो, कैरी आवडते, फणस आवडतात. आवडणारा मी मात्र प्रत्येक वेळी ‘मला’ होऊन बाजूस बसलेला असतो. फ्रेंचमधील ‘प्लेर’ची रीत हीच आहे. ‘सेत शांसों म प्ले’ म्हणजे ‘हे गाणे मला आवडते’. गाणी अनेक झाली की ‘से शांसों म प्लेझ’. क्रियापद अनेकवचनी झाले, ‘म’ जागचा हलला नाही. हा ‘म’ म्हणजेच आपला ‘मला’. आपल्या घरात असलेली वस्तू आपण इंग्रजीच्या दुकानातून, तीही उलटी करून, विकत आणतो, असा हा प्रकार आहे.

‘मांके’ची गोष्ट जरा अधिक नाजूक आहे, कारण तेथे चूक झाली तर ती व्याकरणापुरती राहत नाही, समोरच्याच्या मनाला जाऊन लागते. एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरची एक विद्यार्थिनी लियों शहरी एका फ्रेंच कुटुंबात वर्षभर राहून परत आली. त्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी तिला मुलीसारखे वागविले होते. घरी आल्यावर तिने कृतज्ञतेने पत्र लिहावयास घेतले. ‘मला तुमची फार उणीव भासते’ एवढेच तिला लिहावयाचे आहे. तिच्या मनात इंग्रजी वाक्य उभे राहते. त्यात ‘मी’ कर्ता आहे, ‘तुम्ही’ कर्म आहे. त्याप्रमाणे ती शब्दाला शब्द ठेवते आणि लिहिते, ‘झ वू मांक’.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. वाचणाऱ्या फ्रेंच बाईंना त्यात शब्दाची चूक दिसणार नाही. परंतु त्याचा अर्थ ‘तुम्हांला माझी उणीव भासते’ असा होतो. जिला ‘तुमच्यावाचून मला करमत नाही’ असे म्हणावयाचे होते, तिने ‘माझ्यावाचून तुम्हांला करमत नाही’ असे बजावून सांगितले. बाई समंजस असतील तर परक्या मुलीची चूक ओळखून हसतील. परंतु चुकलेले वाक्यही अर्थपूर्णच असल्यामुळे चूक ओळखण्याची खूण वाक्यात कोठेच नसते. अशा चुका सर्वांत वाईट; कारण त्या वाक्य मोडीत नाहीत, फक्त माणसांची अदलाबदल करतात.

आता हेच वाक्य मराठीवरून फ्रेंचमध्ये नेऊन पाहू. त्यासाठी ‘आठवण येते’ हा आपला नेहमीचा प्रयोग उपयोगी नाही. कारण त्यात ‘आठवण’ हाच कर्ता होऊन बसतो आणि जिची आठवण येते ती व्यक्ती ‘तुमची’ या षष्ठीत दडते. ‘उणा वाटणे’ हा साचा घ्यावा. ‘तुम्ही मला उण्या वाटता.’ हे मराठी थोडे अवघडलेले आहे हे खरे, पण ते पत्रात लिहावयाचे नाही. मनातल्या मनात पाटीवर मांडावयाचे आहे. आता पहिला प्रश्न असा की, ‘ला’ कोणाला लागला आहे? मला. तेव्हा माझ्यासाठी ‘म’. दुसरा प्रश्न, ‘ला’ न लागलेले कोण उरले? तुम्ही. तेव्हा ‘वू’ हा कर्ता. तिसरा प्रश्न, क्रियापद कोणामागे जाईल? उरलेल्यामागे, म्हणजे ‘तुम्ही’च्या मागे. झाले वाक्य : ‘वू म मांके’. यात उलटापालट कोठेही करावी लागली नाही. ‘ला’ ज्याला मराठीत, त्यालाच फ्रेंचमध्ये.

‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक असेल तर ‘त्यू म मांक’. आईवडिलांबद्दल कोणी म्हणेल, ‘मे पारां म मांक’. येथे कानाची एक अडचण सांगितली पाहिजे. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ या चारही कर्त्यांबरोबरची क्रियापदाची रूपे लिहिताना सारखी नसतात. ‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप तेवढे एक असते, ‘तू’ आणि ‘ते’ यांच्या शेवटी वेगळी अक्षरे येतात. परंतु ती अक्षरे उच्चारली जात नसल्यामुळे ऐकताना सारीच रूपे ‘मांक’ अशी एकसारखी वाटतात. त्यामुळे कोणाला कोणाची उणीव भासते हे क्रियापदावरून कानाला कळत नाही. ते कळावयाचे ते क्रियापदापूर्वीच्या दोन छोट्या शब्दांवरून. क्रियापदाला लगटून असलेला शब्द ‘ला’वाला, आणि त्याच्याही आधीचा तो कर्ता. फ्रेंच माणूस बोलत असताना या दोन शब्दांवर कान ठेवावा.

सर्वनामांऐवजी नावे आली म्हणजे ही जागा बदलते. ‘पोल मांक आ मारी’ असे कोणी म्हटले, तर इंग्रजीच्या सवयीचा कान ‘पोलला मारीची उणीव भासते’ असे ऐकतो. येथे मधला ‘आ’ महत्त्वाचा. हा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’च, फक्त तो नावाच्या मागून न येता पुढून येतो. ‘आ मारी’ म्हणजे ‘मारीला’. तेव्हा मारीला पोल उणा वाटतो. झुरते आहे ती मारी. मराठीत आपण बहुधा ‘मारीला’ हा शब्द आधी ठेवू, फ्रेंचमध्ये तो शेवटी जातो. आपल्या विभक्तिप्रत्ययांमुळे शब्द मागेपुढे झाले तरी नाती कायम राहतात. फ्रेंचमध्ये मात्र नामांना विभक्तीची रूपे उरलेली नाहीत, म्हणून ‘आ’ आणि शब्दांची जागा यांवरच सारा भार पडतो.

‘मांके’ या क्रियापदात ‘उणेपणा’ आला कोठून, याचे उत्तर त्याच्या कुळात आहे. हा शब्द फ्रेंचने इटालियनमधून घेतला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘मान्कुस’ हे विशेषण आहे. त्याचा अर्थ थोटा, व्यंग असलेला. ज्याचा एखादा अवयव उणा, तो ‘मान्कुस’. म्हणून ‘त्यू म मांक’ या वाक्याच्या तळाशी ‘तू माझ्यातून उणा आहेस, तुझ्यावाचून मी अपुरा आहे’ असा भाव आहे. ‘ईल म मांक अँ लीव्र’ म्हणजे ‘मला एक पुस्तक कमी पडते’. ‘ईल मांक दो पाझ’ म्हणजे ‘दोन पाने कमी आहेत’. हरवलेले पान आणि दूर गेलेला माणूस, दोहोंसाठी फ्रेंच भाषा एकच क्रियापद योजते. दोन्ही ठिकाणी जे नाही तेच वाक्याचे केंद्र होते.

याच धाटणीची आणखी काही क्रियापदे आहेत आणि ती मराठी माणसाला फार सोपी जावीत. ‘ईल म सांब्ल’ म्हणजे ‘मला वाटते’. ‘ईल म फो’ म्हणजे ‘मला पाहिजे’. ‘स्ला म स्युफी’ म्हणजे ‘मला एवढे पुरते’. वाटणे, पाहिजे असणे, पुरणे, आवडणे, कमी पडणे : या साऱ्यांत मराठीही माणसाला ‘ला’ लावूनच बोलते.

परंतु श्रोतेहो, एवढ्यावरून मराठीचा साचा डोळे मिटून सर्वत्र लावला तर तोही फसवितो. फसविण्याच्या तीन जागा मुख्य आहेत.

पहिली जागा अशी. मराठीत ‘ला’ची व्याप्ती फार मोठी आहे. मला दिसते, मला समजते, मला भूक लागली, मला ताप आला. या ठिकाणी फ्रेंच भाषा आपल्याबरोबर येत नाही. तेथे ‘मी पाहतो’, ‘मी समजतो’ अशीच रचना होते. आणि भुकेच्या बाबतीत ‘झे फँ’, म्हणजे शब्दशः ‘मी भूक बाळगतो’. तेव्हा ‘ला’ची कसोटी वर सांगितलेल्या मोजक्या क्रियापदांपुरती वापरावी.

दुसरी जागा खुद्द ‘मांके’मध्येच आहे. गाडी चुकणे या अर्थी हेच क्रियापद येते, पण तेथे रचना पालटते. आपण म्हणतो, ‘माझी गाडी चुकली’. चुकली ती गाडी, आपण नामानिराळे. फ्रेंच माणूस म्हणतो, ‘झे मांके ल त्रँ’, म्हणजे ‘मी गाडी चुकविली’. येथे माणूस कर्ता, गाडी सरळ कर्म, आणि मध्ये ‘आ’ नाही. गंमत अशी की येथे इंग्रजी व फ्रेंच एका बाजूस आहेत आणि उलटे बोलणारे आपण आहोत. नेम चुकणे, संधी हुकणे यांसाठीही हीच रचना. ‘आ’ असेल तर उणीव भासणे, ‘आ’ नसेल तर चुकणे, ही भेदाची खूण लक्षात ठेवावी.

आता या खुणेची मर्यादाही सांगतो. ‘म’, ‘त’, ‘वू’ ही सर्वनामे ‘मला, तुला, तुम्हांला’ या अर्थी जशी येतात, तशीच ती सरळ कर्म म्हणूनही येतात. त्यांचे रूप दोन्हीकडे एकच असते, आणि ‘आ’ तर दिसतच नाही. म्हणून भूतकाळातील ‘झ वूझे मांके’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ‘तुम्हांला माझी उणीव भासली’ हा एक. आणि ‘आपली चुकामूक झाली, मी आलो पण तुम्ही भेटला नाहीत’ हा दुसरा. याच वाक्यापुढे ‘स्थानकावर’ असा शब्द आला, तर बहुधा चुकामूक झाली असे समजावे. लेखनात ज्या व्यक्तीची चुकामूक झाली ती स्त्री असेल किंवा अनेक माणसे असतील, तर धातुसाधिताच्या शेवटी एक जादा अक्षर येते आणि उलगडा होतो. उणीव भासण्याच्या अर्थी ते अक्षर येत नाही. बोलण्यात मात्र ते अक्षर ऐकू येत नाही. तेथे प्रसंगावरूनच अर्थ लावावा लागतो, आणि फ्रेंच लोकही तसाच लावतात.

तिसरी जागा वाक्याच्या जडणघडणीची आहे, आणि चांगल्या चांगल्या अभ्यासकांचे पाऊल तेथे घसरते. मराठीत ‘पुस्तक वाचून मला ते आवडले’ असे आपण निःशंकपणे म्हणतो. वाचले कोणी? मी. पण मुख्य वाक्यात मी प्रथमेत नाही, ‘मला’ या रूपात आहे. तरीही ‘वाचून’ची क्रिया माझ्याकडे येते. म्हणजे क्रियापद जरी पुस्तकामागे जात असले, तरी मराठीने ‘मला’कडे कर्त्याचे काही अधिकार राखून ठेवले आहेत. फ्रेंचमध्ये हे अधिकार ‘म’ला नाहीत. ‘वाचता वाचता’ या अर्थाचे फ्रेंच रूप ‘आं लीझां’ असे आहे, आणि त्याचा कर्ता मुख्य वाक्याचा कर्ताच असला पाहिजे असा व्याकरणाचा दंडक आहे. ‘आं लीझां’ म्हणून पुढे ‘ते मला आवडले’ असे ‘प्लेर’चे वाक्य जोडले, तर पुस्तकच पुस्तक वाचीत बसले असा अर्थ निघतो. तेव्हा तेथे वाक्ये वेगळी करावीत : ‘मी पुस्तक वाचले आणि ते मला आवडले.’ मराठीतील ‘मला’ हा कर्त्याचा धाकटा भाऊ आहे; फ्रेंचमधील ‘म’ केवळ पाहुणा आहे.

आता साहजिकच असा प्रश्न मनात येतो की, इंग्रजीच निराळी का? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. इंग्रजी पूर्वी निराळी नव्हती. आवडण्याचा अर्थ सांगणारे तिचे आजचे क्रियापद ‘लाइक’. त्याचे प्राचीन इंग्रजीतील रूप आपल्या ‘आवडणे’सारखेच चालत असे. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने हे समजावून देण्यासाठी घेतलेले एक वाक्य प्रसिद्ध आहे : ‘राजाला नाशपाती आवडल्या.’ प्राचीन इंग्रजीत यातील ‘राजाला’ चतुर्थीत होता आणि क्रियापद नाशपातींप्रमाणे अनेकवचनी होते. पुढे इंग्रजीतील विभक्तीचे प्रत्यय झिजले. ‘राजाला’ आणि ‘राजा’ यांच्या रूपात फरक उरला नाही. त्याच सुमारास क्रियापदाच्या आधी येणारा शब्द कर्ता, अशी शब्दक्रमाची शिस्त बळावली. वाक्यात राजा तर आधीच पुढे उभा होता. लोकांनी त्यालाच कर्ता मानले. काही पिढ्यांनी ‘त्याला आवडल्या’ जाऊन ‘तो’ कर्ता असलेले वाक्य रूढ झाले. शेक्सपिअरच्या काळी जुनी रचना पुरती मावळली नव्हती. त्याच्या नाटकांत ती अधूनमधून भेटते. म्हणजे उलटे झाले ते फ्रेंचचे नव्हे, इंग्रजीचे. फ्रेंचने मात्र ‘प्लेर’ज्या लॅटिन क्रियापदापासून आले त्याची चतुर्थीची रीत ‘आ’च्या आधाराने सांभाळून ठेवली.

असे परिवर्तन सख्ख्या भाषांतही सारखे होत नाही. लॅटिनमधील ‘चव घेणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून स्पॅनिश व पोर्तुगीज या भाषांना आवडण्याचे क्रियापद मिळाले. स्पॅनिशमध्ये ते ‘मला आवडते’ या रीतीने चालते. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘गोश्तार’ या क्रियापदाचा कर्ता माणूसच असतो. गोव्यात 1961 पूर्वी ज्यांचे शालेय शिक्षण पोर्तुगीजमधून झाले, त्यांना फ्रेंच शिकताना ‘प्लेर’पाशी त्या सवयीचा अडथळा होणे शक्य आहे, त्यांनी पोर्तुगीजऐवजी कोंकणीतील ‘म्हाका आवडता’चा आधार घ्यावा.

शेवटी ‘प्लेर’विषयी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. एखादा चित्रपट पाहून आल्यावर, पुस्तक वाचून झाल्यावर, घर पाहून आल्यावर जो अनुकूल परिणाम मनावर होतो, तो सांगण्यास हे क्रियापद योग्य : ‘स फिल्म मा प्ल्यू’, म्हणजे ‘हा चित्रपट मला आवडला’. कायमच्या आवडीसाठी, जसे मला संगीत आवडते, मला पोहणे आवडते, यासाठी फ्रेंच माणूस बहुधा ‘एमे’ हे दुसरे क्रियापद वापरतो आणि तेथे स्वतः कर्ता होतो. दुसरे असे की, ‘प्लेर’ व्यक्तीला लावताना जपावे. एखाद्या तरुणाने एखादीविषयी ‘एल म प्ले’ असे म्हटले, तर ऐकणारा त्यातून ओढ वाटत असल्याचा अर्थ काढील. मुलगी पाहून आल्यावर ‘मला ती आवडली’ असे कोणी म्हटले म्हणजे आपण जो अर्थ काढतो, साधारण तोच.

आणि ज्याला फ्रेंचचा एकही धडा ठाऊक नाही, त्याच्याही कानावरून ‘प्लेर’ गेलेले असण्याचा संभव आहे. विनंती करताना फ्रेंच लोक ‘सील वू प्ले’ असे म्हणतात. आपण त्याचे भाषांतर ‘कृपया’ असे करतो. शब्दशः ते ‘तुम्हांला ते आवडत असेल तर’ असे आहे. त्यातील ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’ नव्हे, ‘तुम्हांला’. जवळच्या माणसाला तेच ‘सील त प्ले’ असे म्हणतात. तेथे ‘त्यू’ न येता ‘त’ येतो, म्हणजे ‘तू’ न येता ‘तुला’ येतो. जिभेवर आधीच रुळलेल्या या तीन-चार शब्दांत ‘ला’ कोणाला लावावयाचा याचे उत्तर आहे. ‘मांके’पाशी मन गोंधळले तर हेच शब्द आठवावेत.